सूचनापुस्तिका, विद्यार्थीलिखित : मूल्यमापन

एखादे तांत्रिक काम नवशिक्याला पुस्तिका वाचून, कोणाला न विचारता आणि इजा न होता करता येते का, याची पारख. उदाहरण वीजकेंद्रातले घेऊ. नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा येथील महानिर्मितीचे औष्णिक वीजकेंद्र १,३४० मेगावॅट क्षमतेचे आहे (२१० मेगावॅटचे चार संच, ५०० मेगावॅटचा एक). अशा केंद्रांत आयटीआय झालेले शिकाऊ उमेदवार येतात. त्यांच्या हाती मोठ्या संचाआधी पडते ती पंपाची ४१५ व्होल्टची मोटार, म्हणून तिच्या वाइंडिंगची मेगर चाचणी येथे नमुन्यादाखल घेतली आहे.

समजा, विद्यार्थ्याने लिहिले : ‘१. टर्मिनल बॉक्स उघडा. २. केबल सोडवा. ३. मेगर लावून रीडिंग घ्या. टीप : आधी पुरवठा बंद असल्याची खात्री करा.’ एकही वाक्य खोटे नाही, तरी ही पुस्तिका नापास करावी. नवशिका ओळ वाचतो आणि लगेच हात चालवतो. टीप वाचेपर्यंत त्याची बोटे टर्मिनलपाशी गेलेली असतात. म्हणून इशारा ज्या पायरीत धोका आहे तिच्या आधी हवा. त्यात धोका कशाचा, काय होईल आणि काय करावे, हे तिन्ही यावे.

क्रम तपासताना प्रत्येक पायरीला विचारावे, ही करण्यासाठी आधी काय झालेले असायला हवे? केबल सोडवण्याआधी परमिट घेणे, स्विच बंद करणे, त्याला कुलूप व फलक लावणे आणि वीज खरोखर गेल्याची चाचणी, एवढे लागते. ‘खात्री करा’ हे शब्द अनुभवी माणसाला पुरतात, नवशिक्याला नाही. त्याला सांगावे लागते : टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो काम करतो हे पाहा; मग तिन्ही फेज एकमेकांत आणि प्रत्येक फेज अर्थशी, अशा सहा जोड्या तपासा; शेवटी टेस्टर पुन्हा चालू ठिकाणी लावा. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल, तर तो शेवटच्या कृतीतच उघडा पडतो.

विद्यार्थ्यांच्या लेखनात बहुधा राहून जाते ते चाचणीनंतरचे. मेगरने ५०० व्होल्टवर दिलेला विद्युतभार वाइंडिंगमध्ये साठून राहतो, तो अर्थकडे सोडल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नये. चाचणीआधीचीही एक गोष्ट राहते : मोटारीला ड्राइव्ह जोडलेला असेल तर तो मेगर लावण्याआधी सोडवावा, नाहीतर त्यातले इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. रीडिंग किती आले म्हणजे मोटार चालवायची, हेही लिहिलेले हवे. नाहीतर आकडा मिळूनही नवशिका तिथेच अडतो.

सुबोधतेची खरी परीक्षा वर्कशॉपमध्ये, पुरवठ्याशी न जोडलेल्या मोटारीवर होते. हे काम कधीच न केलेल्याच्या हाती पुस्तिका द्यावी आणि परीक्षकाने गप्प राहून तो कुठे थांबला, कुठे मागची ओळ पुन्हा वाचली, कुठे चुकीचे हत्यार उचलले, ते टिपावे. धोक्याची चूक दिसताच मात्र थांबवावे. लेखकाच्या वर्गमित्राला यासाठी बसवू नये. तो गाळलेल्या पायऱ्या मनानेच भरतो. न जोडलेल्या मोटारीवरच्या या परीक्षेत शब्दांचा घोळ व क्रमाची चूक सापडते, पण पुरवठा बंद करण्याच्या पायऱ्या तिथे खऱ्या अर्थाने तपासल्या जात नाहीत. त्या अनुभवी वायरमनने ओळीओळीने वाचून मंजूर कराव्या लागतात.