दोघांचा मिळून एक चंद्र

आपल्याकडे पत्रिका जुळवताना मुलाचं नक्षत्र आणि मुलीचं नक्षत्र समोरासमोर ठेवतात आणि 36 पैकी गुण मोजतात. त्यात चंद्र दोन असतात आणि शेवटपर्यंत दोनच राहतात. पाश्चात्त्य ज्योतिषातली 'कंपोझिट' पत्रिका मात्र या दोन चंद्रांचा एकच चंद्र करते, आणि तोही चक्क सरासरी काढून. तो चंद्र ना त्याचा ना तिचा. तो त्या नात्याचा.

या कल्पनेचं माहेर जर्मनीतलं हॅम्बुर्ग. तिथला आल्फ्रेड विटे (1878–1941) पेशाने भूमापक होता. दोन ग्रहांच्या बरोबर मधला बिंदू हाही ग्रहांइतकाच बोलका असतो, हा त्याच्या पंथाचा पाया. त्याच्या नियमांचा ग्रंथ 1928 साली निघाला, आणि पुढे नाझी राजवटीत त्यावर बंदी आली. एकाच पत्रिकेतल्या ग्रहांना लावलेली ही मोजपट्टी दोन माणसांच्या पत्रिकांवर ठेवायची, एवढंच पाऊल बाकी होतं. तेही जर्मनीतच पडलं, पण जगभर गाजलं ते अमेरिकेतून. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन टाउनली यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि 1975 मध्ये रॉबर्ट हँड यांचं 'प्लॅनेट्स इन कंपोझिट' आलं. आजही ही पत्रिका वाचणारे बहुतेकजण हँड यांचीच भाषा बोलतात. चंद्र म्हणजे या जोडप्याला घरी आल्यासारखं कशात वाटतं, रुसवा कसा येतो नि कसा जातो. शुक्र म्हणजे दोघांना एकत्र कशाची मजा वाटते आणि लाड कसे चालतात.

एक बनवलेलं उदाहरण घेऊ. त्याचा चंद्र मेषेत 10 अंशांवर, तिचा सिंहेत 20 अंशांवर. मेषेच्या आरंभापासून मोजलं तर 10 आणि 140. मध्य 75, म्हणजे मिथुनेत 15 अंश. पाश्चात्त्य वाचणारा म्हणेल, हे जोडपं भांडण झालं की बोलून मोकळं होणार, अबोला यांना झेपणार नाही. पण हेच गणित आपल्या निरयन पद्धतीने करा. दोन्ही चंद्र साधारण 24 अंश मागे सरकतात, मध्यही तेवढाच सरकतो आणि वृषभेत 21 अंशांवर येतो. आपला ज्योतिषी लगेच म्हणेल, वा, उच्च राशीचा चंद्र! बोलणाऱ्या घराचं क्षणात खाऊन-पिऊन निवांत घर झालं. राशी बदलली, पण ग्रहांमधले कोन तेच राहिले. म्हणून मी या पत्रिकेत राशीपेक्षा कोनांवर जास्त भिस्त ठेवतो.

जन्मवेळेचीही भानगड आहे. चंद्र दिवसाला सुमारे 13 अंश चालतो. एकाची वेळ 12 तासांनी चुकली तर त्याचा चंद्र साडेसहा अंश हलतो, संयुक्त चंद्र सव्वातीन. सरासरी चूक निम्मी करते, हा या पद्धतीचा गुपचूप फायदा.

शुक्राशी मात्र ती दगा करते. वर्तुळावर दोन बिंदूंना मध्य दोन असतात. त्यातला जवळचा घ्यायचा हा नियम. आता त्याचा सूर्य वृषभेत 10 वर, शुक्र वृषभेतच 5 वर; तिचा सूर्य वृश्चिकेत 8 वर, शुक्र वृश्चिकेत 15 वर असं धरू. दोन सूर्यांमध्ये 178 अंश, म्हणून मध्य सिंहेत 9 वर. दोन शुक्रांमध्ये 190 अंश होतात, म्हणजे जवळची वाट पलीकडून जाते आणि मध्य पडतो कुंभेत 10 वर. संयुक्त शुक्र संयुक्त सूर्याच्या समोरासमोर! आकाशात शुक्र सूर्यापासून 48 अंशांपलीकडे कधी जातच नाही. अशी पत्रिका दिसली की ओळखावं, हे आकाश नव्हे, आकडेमोड आहे. काहीजण अशा वेळी शुक्र उचलून सूर्याकडच्या मध्यावर, सिंहेत 10 वर ठेवतात. आपल्या जोडप्याला त्याने फारसा फरक पडत नाही: चंद्र-शुक्राचा 125 अंशांचा कोन 55 होतो, त्रिकोण जाऊन त्याचा धाकटा भाऊ येतो, गोडवा थोडा पातळ. पण चंद्र-शुक्र जवळजवळ एकत्र असते तर? उचलल्यावर ते समोरासमोर आले असते, आणि 'एकमेकांत विरघळलेले' हे वर्णन पुसून 'एकाला जवळीक हवी तेव्हा दुसऱ्याला फिरायला जायचंय' असं लिहावं लागलं असतं.

ही खोच इंग्लंडच्या रोनाल्ड डेव्हिसन यांच्या पद्धतीत नाही. त्यांनी 1977 च्या 'सिनॅस्ट्री' या पुस्तकात ग्रहांची सरासरी न काढता दोन जन्मवेळांचा आणि दोन जन्मस्थळांचा मध्य काढला. तो खरा क्षण असतो आणि त्या क्षणाचं खरं आकाश, त्यामुळे शुक्र सूर्याचं बोट सोडत नाही. फक्त चंद्र सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत बारा राशी फिरणारा. मधल्या त्या तारखेला तो मिथुनेतच सापडेल याची काही हमी नाही. एकाच जोडप्याचे मग दोन चंद्र होतात, एक हँड यांचा, एक डेव्हिसन यांचा.