स्वराकृतीचा विस्तार

स्वराकृतीचा विस्तार म्हणजे तीन-चार स्वरांची छोटी आकृती उलटवून, वरखाली सरकवून आणि तिची लय बदलून तीमधून पूर्ण चाल उभी करणे. तिन्ही क्रियांत मूळ आकृतीची ओळख कायम राहणे आवश्यक असते.

पूर्वपीठिका

या विचाराची जुनी शास्त्रीय मांडणी शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या 13व्या शतकातील संस्कृत ग्रंथात आढळते. शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी होता. आजच्या धाराशिव जिल्ह्यासह मराठवाडा तेव्हा यादवांच्या राज्यात होता. ग्रंथात 63 अलंकार सांगितले आहेत. त्यांतील 12 आरोही अलंकार उलट दिशेने घेतले की 12 अवरोही अलंकार मिळतात. याच ग्रंथातील खंडमेरू ही वेगळी पद्धत आहे. तीत स्वरांचे सर्व संभाव्य क्रम मांडले जातात. चार स्वरांचे 24 आणि सात स्वरांचे 5040 क्रम होतात. क्रम बदलला की आकृतीचा चढउतार मोडतो, म्हणून खंडमेरू हा येथे वर्णिलेला विस्तार नव्हे.

तीन क्रिया

उदाहरणासाठी भूप रागातील *ग रे सा रे* ही आकृती घेऊ. ती दोन पायऱ्या उतरते आणि एक चढते. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असल्याने त्याच्या पायऱ्या सा, रे, ग, प, ध, सां अशा आहेत.

*सरकवणे* : आकृती एकेक पायरी वर नेली की *प ग रे ग*, *ध प ग प* हे तुकडे मिळतात. रियाजातील पलट्यांचे तत्त्व हेच आहे.

*उलटवणे* : गंधार स्थिर ठेवून उतार तेथे चढ आणि चढ तेथे उतार केला की *ग प ध प* मिळते. येथे अंतर रागाच्या पायऱ्यांनी मोजावे लागते. हार्मोनियमच्या पट्ट्या मोजून तंतोतंत उलट केल्यास गंधाराच्या वर तीव्र मध्यम आणि कोमल धैवत येतात. हे दोन्ही स्वर भूपात नाहीत, त्यामुळे राग तत्काळ बिघडतो.

*लय बदलणे* : प्रत्येकी एका मात्रेचे चार स्वर *ग ऽ रेसा रे* असे मांडले की पहिला स्वर दोन मात्रा टिकतो आणि पुढचे दोन एका मात्रेत बसतात. एकूण मात्रा चारच राहतात. दुगुनीत हीच आकृती दोन मात्रांत संपते.

सोदाहरण मांडणी

वरील तुकड्यांतून त्रितालाच्या 16 मात्रांची दोन आवर्तने अशी बांधता येतात. जोडून लिहिलेले स्वर एका मात्रेतील आहेत. ऽ म्हणजे आधीचा स्वर आणखी एक मात्रा लांबवणे.

पहिले आवर्तन : ग रे सा रे | प ग रे ग | ग प ध प | ग ऽ रेसा रे

दुसरे आवर्तन : ग ऽ पध प | प ऽ धसां ध | ध प ग प | पग रेग गरे सारे

पहिल्या आवर्तनात मूळ आकृती, तिचे सरकलेले रूप, उलटे रूप आणि लय बदललेले रूप क्रमाने येतात. दुसऱ्यात उलट्या रूपाची लय बदलते आणि ते एक पायरी चढून तार षड्जाला पोचते. नंतर मूळ आकृती ध, प, ग अशी एकेक पायरी खाली येते. शेवटच्या दोन वेळा ती दुगुनीत आहे. दोन्ही आवर्तने ऋषभावर थांबतात, त्यामुळे पुढच्या समेवर गंधार येणे स्वाभाविक वाटते.

मर्यादा

भूप आणि देशकार यांचे स्वर एकच आहेत. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. दुसऱ्या आवर्तनात आठव्या मात्रेवर धैवत आहे आणि नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, तो पुन्हा येतो. तेथे गायक रेंगाळला तर देशकार डोकावतो. चाल कोणत्या स्वरावर विसावते हे ऐकून हा दोष ओळखता येतो. लगेच गंधाराकडे उतरणे हा त्यावर उपाय आहे. आकृती किती वर सरकवावी, हे या कारणाने सप्तकाची मर्यादा येण्यापूर्वीच रागाकडून ठरते.

पाश्चात्त्य संगीतात

बीथोव्हनच्या 1808 साली प्रथम सादर झालेल्या पाचव्या सिंफनीच्या आरंभी चार स्वरांची आकृती लगेच एक पायरी खाली सरकते. आपल्या स्वरांत ती *प प प ग* (कोमल) आणि *म म म रे* अशी मांडता येते. पहिली उडी चार अर्धस्वरांची तर दुसरी तीन अर्धस्वरांची आहे. तेथेही अंतर सप्तकाच्या पायऱ्यांनीच मोजले आहे. रखमानिनोव्हच्या 1934 च्या 'पागानिनीच्या धूनेवरील रॅप्सडी'मधील 18व्या भागात मूळ धून उलटवून संथ लयीत आणली आहे. दोन्ही क्रिया एकत्र झाल्याने तिचा मूळ धुनेशी असलेला संबंध पहिल्या श्रवणात सहसा लक्षात येत नाही.