मुलांच्या उच्च शिक्षणासाठी दरमहा किती बचत करावी?

मुलगी पहिलीत असताना तिच्या कॉलेजच्या फीचा हिशोब करायला आपण बसलो, की बहुतेक वेळा एकच चूक होते. आजची फी पाहतो, महागाईचे म्हणून थोडे वाढवतो आणि तेवढी रक्कम ठरवून टाकतो. पण किराणा ज्या गतीने महागतो, त्याच गतीने फी वाढत नाही. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे उद्दिष्ट ४ टक्के आहे. फी अनेक ठिकाणी त्याच्या दुप्पट वेगाने चढते. हा फरक १२ वर्षांत किती मोठा होतो, ते आम्ही एका उदाहरणातून मांडत आहोत.

समजा मुलगी आज ६ वर्षांची आहे. १८ व्या वर्षी तिला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा आहे आणि आज त्या कॉलेजची फी वर्षाला १,२०,००० रुपये आहे. ही फी दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली, तर १२ वर्षांनी पहिल्या वर्षाची फी सुमारे २.१५ लाख होईल. १० टक्क्यांनी वाढली, तर तीच ३.७७ लाख होईल. कोर्स चालू असतानाही फी वाढतच राहते, म्हणून चारही वर्षांचा विचार करावा लागतो. गुंतवणुकीवर वर्षाला ८ टक्के परतावा धरला, तर प्रवेशाच्या दिवशी हातात पहिल्या हिशोबाने ८.२७ लाख हवेत आणि दुसऱ्या हिशोबाने १५.५ लाख.

महिन्याच्या भाषेत सांगायचं तर ३,५०० रुपये आणि ६,५५० रुपये. म्हणजे महागाईचा साधा दर धरून जो बाप महिन्याला साडेतीन हजार टाकत राहील, त्याचे पैसे प्रवेशाच्या वेळी जवळपास निम्मेच भरतील. आणि हे त्याला कळेल तेव्हा वेळ उरलेली नसेल.

आपला आकडा काढणं सोपं आहे. ८ टक्के परताव्याने १ लाख रुपये जमवायला १५ वर्षे असतील तर महिन्याला २९६ रुपये लागतात, १२ वर्षे असतील तर ४२४ आणि ८ वर्षे असतील तर ७५६. जितके लाख हवेत तितक्याने गुणायचं.

फी वाढीचा दर मात्र अंदाजाने धरू नका. महाराष्ट्रातील खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करते. हव्या त्या कॉलेजची पाच वर्षांपूर्वीची आणि आजची मंजूर फी शोधून ताडून पाहा. पाच वर्षांत फी दीडपट झाली असेल तर वाढ वर्षाला साधारण साडेआठ टक्के आहे. हॉस्टेल, मेस आणि प्रवास यांचा खर्च वेगळा जोडावा लागतो.

एकदम साडेसहा हजार जमत नसतील, तर हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवत न्यावा. मग सुरुवात सुमारे ४,००० रुपयांपासून करता येते. शेवटच्या वर्षी हप्ता ११,५०० च्या आसपास जाईल, हे मात्र आधीच लक्षात ठेवावं. एखाद्या वर्षी वाढ चुकली, तर पुढच्या वर्षी भरून काढावी लागते.

आता आपल्या घरातला खास प्रश्न. व्याज नको म्हणून अनेक जण पैसे नुसते खात्यात किंवा घरात ठेवतात. परतावा शून्य असेल तर याच मुलीसाठी महिन्याला १२,१०० रुपये बाजूला काढावे लागतील. शरियाच्या निकषांवर चालणारे म्युच्युअल फंड हा एक मार्ग आहे, पण त्यांची किंमत वरखाली होते आणि ८ टक्क्यांची हमी कोणी देत नाही. म्हणून प्रवेशाला दोन-तीन वर्षे उरली की पैसे टप्प्याटप्प्याने त्यातून काढून घ्यावेत. नाहीतर बाजार नेमका त्याच वर्षी पडला, तर फी भरायला तोट्यात विकावं लागतं.

जकातही हिशोबात धरावी. बचत निसाबच्या वर असेल आणि अडीच टक्के याच निधीतून द्यायची असेल, तर ८ टक्क्यांचे हातात ५.३ टक्केच उरतात आणि हप्ता सुमारे ८,१०० होतो. जकात कमाईतून वेगळी दिली तर ६,५५० पुरतात. फंडातील रकमेवर जकात कशी मोजायची, हे आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावं.

दरवर्षी जूनमध्ये कॉलेजची नवी फी पाहून हा हिशोब पुन्हा करा. फी धरलेल्या दरापेक्षा जास्त वाढली असेल, तर हप्ता त्याच महिन्यापासून वाढवा.