पुरात गेलेला माल आणि पुढच्या वर्षांचा टॅक्स: धंद्यातला तोटा ‘पुढे ओढतात’ म्हणजे काय?

२६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदीला पूर आला. दुसऱ्या दिवशी बदलापूर आणि वांगणीदरम्यान अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसची बातमी देशभर गेली आणि सुमारे हजार प्रवाशांची सुटका झाली. त्याच पाण्याने बदलापूरच्या सखल भागातली घरे आणि दुकानेही भरली. दुकानदारांचा माल तर गेलाच, पण अनेकांच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी की या तोट्याचा हिशेब आयकरात तब्बल आठ वर्षे चालू शकतो.

हा हिशेब कसा चालतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

तोटा झाला त्या वर्षी काय होते?

समजा, बदलापुरात नदीच्या बाजूला एकाचे स्वतःच्या मालकीचे कपड्यांचे दुकान आहे. जीन्स आणि इतर माल तो उल्हासनगरच्या बाजारातून पक्क्या बिलावर आणतो. पुरात त्याचा ९ लाखांचा माल भिजून वाया गेला. विम्याचे २ लाख मिळाले, म्हणजे प्रत्यक्ष नुकसान ७ लाखांचे. वर्षभराच्या बाकीच्या धंद्यातून त्याने दीड लाख रुपये कमावले होते. ते वजा जाता २०१९-२० या आर्थिक वर्षाचा तोटा ५ लाख ५० हजार रुपये झाला. दुकानातले फर्निचर, एसी, शिलाई मशीन यांचा घसारा ८० हजार रुपये होता, तो याशिवाय.

धंद्यातला तोटा आधी त्याच वर्षीच्या इतर उत्पन्नातून वळता करावा लागतो. घरभाडे किंवा बँकेचे व्याज असेल, तर त्यातून तो वजा होतो. पगाराच्या उत्पन्नातून मात्र तो वजा करता येत नाही. आपल्या दुकानदाराला दुसरे उत्पन्नच नाही, त्यामुळे सगळा तोटा पुढे जातो.

मग पुढे काय?

पुढे गेलेला तोटा फक्त धंद्याच्या नफ्यातूनच वळता होतो. पुढच्या वर्षी घरभाडे आले किंवा जमीन विकून फायदा झाला, तरी त्यातून तो वजा होत नाही. मात्र धंदा तोच असण्याची गरज नाही. कपड्यांचे दुकान बंद करून अंबरनाथला पॅकिंगचे युनिट टाकले, तरी त्या नफ्यातून जुना तोटा वजा करता येतो.

२०२०-२१ हे कोरोनाचे वर्ष. दुकानदाराचा नफा जेमतेम दीड लाख. त्यातून दीड लाखाचा तोटा वळता झाला आणि ४ लाख उरले.

२०२१-२२ मध्ये धंदा सावरला आणि नफा ७ लाख झाला. त्यातून आधी उरलेला ४ लाखांचा तोटा वजा झाला, मग जुना ८० हजारांचा घसारा. करपात्र उत्पन्न राहिले २ लाख २० हजार. जुन्या करप्रणालीत साठ वर्षांखालील व्यक्तीला अडीच लाखांपर्यंत कर नाही, म्हणून कर शून्य. तोटा पुढे आणला नसता, तर इतर कोणतीही वजावट न धरता ७ लाखांवर सेससह ५४,६०० रुपये कर भरावा लागला असता.

दीड लाखाचा तोटा फुकट गेला का?

हो, एका अर्थी गेलाच. २०२०-२१ मध्ये दीड लाखाच्या नफ्यावर तसाही कर नव्हता. पण ‘या वर्षी तोटा वापरत नाही, नफा वाढेल तेव्हा वापरेन’ अशी निवड कायदा देत नाही. नफा आला की तोटा वळता करावाच लागतो आणि वळता न होऊ शकलेला भागच पुढे जातो. म्हणून तोटा जेवढा, तेवढा करात फायदा होईलच असे नाही.

सगळ्यात मोठी चूक कोणती?

रिटर्न उशिरा भरणे. ‘तोटाच आहे, कर नाही, मग घाई कशाला?’ असा विचार इथे महागात पडतो. तोट्याचे रिटर्न मुदतीत भरले नाही, तर तो तोटा पुढे नेता येत नाही. सरकारने मुदत वाढवली असेल तर ती वाढीव तारीख चालते. २०१९-२० साठी कोरोनामुळे ऑडिट नसलेल्यांना १० जानेवारी २०२१ पर्यंत मुदत होती.

आपल्या दुकानदाराने ती तारीख चुकवली असती, तर साडेपाच लाखांचा तोटा तिथेच संपला असता. ८० हजारांचा घसारा मात्र वाचला असता, कारण घसाऱ्याला ना ही अट आहे ना आठ वर्षांची मर्यादा. पण तो २०२०-२१ च्या दीड लाखातच वापरला गेला असता आणि २०२१-२२ मध्ये ५४,६०० रुपये भरावेच लागले असते.

उशिरामागे खरोखर अडचण असेल, तर आयकर खात्याकडे विलंब माफीचा अर्ज करता येतो. आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करावा लागतो आणि मंजुरीची खात्री नसते.

कागदावर तोटा कसा टिकतो?

ठोक टक्केवारीने नफा दाखवण्याच्या सोप्या योजनेत, म्हणजे कलम ४४एडीखाली रिटर्न भरले, तर उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा धरला जातो. तिथे तोटा दाखवता येत नाही. तोटा दाखवायचा, तर हिशेबाची वही हवी आणि त्यासाठी ITR-3 हा फॉर्म. खरेदीची बिले, साठ्याची नोंद, पंचनामा आणि विमा सर्व्हेअरचा अहवाल हे पुरावे जपून ठेवावेत.

वाहून गेलेल्या मशीनचा हिशेब मालापेक्षा वेगळा असतो. मालाचे नुकसान त्याच वर्षी पूर्ण धरले जाते. मशीनची किंमत मात्र एकदम खर्चात जात नाही. त्या प्रकारच्या सगळ्या मालमत्तेचा एक गट धरलेला असतो, विम्याची रक्कम त्या गटातून वजा होते आणि उरलेल्या किमतीवर दरवर्षी घसारा मिळत राहतो.

दरवर्षी रिटर्नमधले ‘Schedule CFL’ उघडून पाहावे. त्यात कोणत्या वर्षाचा किती तोटा शिल्लक आहे आणि त्या वर्षाचे रिटर्न कोणत्या तारखेला भरले, हे दिसते. आदल्या वर्षाची शिल्लक आणि यंदाची सुरुवात जुळत नसेल, तर तिथेच चूक आहे. ती लगेच सीएला दाखवावी.

आठ वर्षे कधी संपतात?

२०१९-२० चा तोटा हा आकारणी वर्ष २०२०-२१ चा तोटा. त्यानंतर आठ आकारणी वर्षे, म्हणजे २०२८-२९ पर्यंत तो चालतो. सोप्या भाषेत, मार्च २०२८ पर्यंतच्या नफ्यातून तो वळता करता येतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असला, तरी जुना तोटा उरलेल्या वर्षांसाठी कायम राहतो. त्या पुरातल्या तोट्याचा काही भाग कोणाच्या वहीत अजून शिल्लक असेल, तर तो वापरण्याची शेवटची तारीख हीच.