ख्यातीमूल्यावरील घसारा : २०२१ च्या दुरुस्तीनंतर करपात्र नफ्याचे गणित

चालू व्यवसाय विकत घेताना खरेदीदार अनेकदा यंत्रे, माल आणि येणी यांच्या किमतीपेक्षा अधिक रक्कम मोजतो. या जादा रकमेचा काही भाग व्यापारचिन्ह, पेटंट किंवा परवाना यांसारख्या ओळखता येणाऱ्या हक्कांसाठी असतो. कोणत्याही एका हक्काच्या नावे दाखवता न येणारी उरलेली रक्कम म्हणजे व्यवसायाची ख्याती, अर्थात गुडविल. करपात्र नफा काढताना या दोन भागांना आज पूर्णतः भिन्न वागणूक मिळते. पहिल्यावर दरवर्षी घसारा मिळतो, दुसऱ्यावर मिळत नाही.

अमूर्त मालमत्तेवरील घसाऱ्याची तरतूद १९९८ मध्ये प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ३२ मध्ये समाविष्ट झाली. १ एप्रिल १९९८ रोजी किंवा त्यानंतर संपादन केलेले तांत्रिक ज्ञान, पेटंट, कॉपीराइट, व्यापारचिन्ह, परवाना, फ्रँचायझी आणि ‘तत्सम स्वरूपाचे इतर व्यावसायिक किंवा वाणिज्यिक हक्क’ यांवर २५ टक्के दराने घसारा मान्य करण्यात आला. घसारा घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या मूल्यावर, आकारला जातो. खरेदीच्या वर्षात मालमत्तेचा वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाल्यास त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. एका दराच्या सर्व अमूर्त मालमत्ता एका गटात धरल्या जातात आणि घसारा संपूर्ण गटावर मोजला जातो.

या यादीत ख्यातीचा स्पष्ट उल्लेख नव्हता आणि वादाचे मूळ त्यातच होते. ‘तत्सम हक्क’ या शब्दांची व्याप्ती किती, हा प्रश्न वारंवार न्यायालयांपुढे आला. मुंबई शेअर बाजाराचे सदस्यत्व कार्ड हा घसाऱ्यास पात्र हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टेक्नो शेअर्स अँड स्टॉक्स प्रकरणात मान्य केले. त्यानंतर २०१२ मध्ये स्मिफ्स सिक्युरिटीज प्रकरणाचा निकाल लागला. या कंपनीत वायएसएन शेअर्स अँड सिक्युरिटीज ही कंपनी विलीन झाली होती. निव्वळ मालमत्तेच्या मूल्यापेक्षा दिलेली जादा रक्कम ख्याती म्हणून दाखवून तिच्यावर ५४,८५,४३० रुपयांचा घसारा मागण्यात आला. करनिर्धारण अधिकाऱ्याने तो नाकारला. मात्र ख्याती ‘तत्सम हक्कां’त मोडते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यानंतर व्यवसाय खरेदी व विलीनीकरणाच्या व्यवहारांत ख्यातीवरील घसारा हा करबचतीचा मोठा घटक ठरला.

वित्त अधिनियम, २०२१ ने ही वाट बंद केली. करनिर्धारण वर्ष २०२१-२२ पासून, म्हणजे आर्थिक वर्ष २०२०-२१ पासून, व्यवसाय किंवा पेशाची ख्याती घसाऱ्यास पात्र मालमत्तेतून वगळण्यात आली. यंत्र वापराने झिजते, पेटंटची मुदत संपते; ख्याती मात्र व्यवसाय कसा चालतो त्यानुसार वाढूही शकते, त्यामुळे तिच्यावर घसारा देण्याचे समर्थन होत नाही, अशी यामागील सरकारची भूमिका होती. ही दुरुस्ती केवळ नव्या खरेदीपुरती नव्हती. आधी घेतलेल्या ख्यातीचे उरलेले मूल्यही गटातून बाहेर काढावे लागले.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणातून स्पष्ट होईल. एका कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये १० कोटी रुपयांना चालू व्यवसाय विकत घेतला. त्यातील ५ कोटी मूर्त व चालू मालमत्तेचे निव्वळ मूल्य, १ कोटी व्यापारचिन्हाचे आणि उरलेले ४ कोटी ख्यातीचे. अमूर्त मालमत्तेचा गट त्यामुळे ५ कोटींचा झाला. पहिल्या वर्षी १.२५ कोटी आणि दुसऱ्या वर्षी ९३.७५ लाख रुपये घसारा मिळाला. १ एप्रिल २०२० रोजी गटात २ कोटी ८१.२५ लाख रुपये उरले.

येथे नवा नियम लागू होतो. गटात ख्याती ही एकच मालमत्ता असती तर तिचे किती मूल्य उरले असते, हे काढून तेवढी रक्कम गटातून वजा करायची. ४ कोटींवर दोन वर्षांचा घसारा १.७५ कोटी होतो. म्हणून वजा करायची रक्कम २.२५ कोटी. गटात व्यापारचिन्हाचे केवळ ५६.२५ लाख उरतात आणि त्यांवर आर्थिक वर्ष २०२०-२१ चा घसारा सुमारे १४ लाख मिळतो. जुन्या नियमाने तो ७० लाखांहून अधिक मिळाला असता. म्हणजे करपात्र नफा ५६.२५ लाखांनी वाढला. अधिभार व उपकर वगळून २५ टक्के दराने, एकाच वर्षात सुमारे १४ लाखांचा जादा कर पडला.

ही २.२५ कोटींची रक्कम कायमची वाया जात नाही. पुढे ख्याती विकल्यास भांडवली नफा काढताना खरेदी किमतीतून आधी मिळालेला घसारा वजा करून उरलेली रक्कम खर्च म्हणून धरता येते. उदाहरणातील कंपनीसाठी हा खर्च ४ कोटी वजा १.७५ कोटी, म्हणजे २.२५ कोटीच राहील. सवलत लांबणीवर पडते. व्यवसाय कधीच विकला नाही तर मात्र ती हाती येत नाही. स्वतः उभारलेल्या ख्यातीसाठी खरेदीची किंमत मोजलेली नसल्याने हा खर्च शून्य धरला जातो.

हिशेबाची पुस्तके आणि करविवरण यांची गल्लत ही येथील नेहमीची चूक. हिशेब मानक १४ नुसार विलीनीकरणातून आलेली ख्याती साधारणतः पाच वर्षांत निर्लेखित केली जाते. इंड एएस लागू असलेल्या कंपन्या ती नियमित निर्लेखित करीत नाहीत. दरवर्षी तिच्या मूल्यातील घट तपासतात. या दोन्ही प्रकारे नफ्यातोट्याच्या पत्रकात पडलेली वजावट करपात्र नफा काढताना पुन्हा नफ्यात मिळवावी लागते.

आता खरा वाद खरेदी किमतीच्या विभागणीचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने अरेवा टी अँड डी प्रकरणात २०१२ मध्ये व्यवसायविषयक माहिती, नोंदी, करार आणि तांत्रिक ज्ञान यांना घसाऱ्यास पात्र व्यावसायिक हक्क मानले होते. त्यामुळे ख्यातीऐवजी ग्राहकांशी झालेले करार किंवा तांत्रिक ज्ञान यांच्या नावे अधिक रक्कम दाखवण्याचा मोह होतो. करारात त्या हक्काचे स्वतंत्र हस्तांतरण, नोंदणीची कागदपत्रे आणि व्यवहाराच्या वेळचा मूल्यांकन अहवाल असेल तर असा दावा टिकू शकतो. व्यवहारानंतर केवळ शिल्लक रकमेला नवे नाव दिलेले दिसल्यास तो ढासळतो. आधी दुसऱ्याच्या व्यवसायात वापरलेल्या मालमत्तेची किंमत प्रामुख्याने घसाऱ्यासाठी फुगवली आहे असे आढळल्यास, वरिष्ठांच्या पूर्वसंमतीने ती नव्याने ठरवण्याचा अधिकार करनिर्धारण अधिकाऱ्याला कलम ४३ देते.

करनिर्धारण वर्ष २०२०-२१ पर्यंतच्या प्रलंबित प्रकरणांत स्मिफ्स निकालाचा आधार कायम आहे. १ एप्रिल २०२६ हा अंमलाचा दिनांक असलेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी ख्याती घसाऱ्याबाहेरच ठेवण्यात आली आहे.