जुनापाणीची शिलावर्तुळे

वाकडच्या रस्त्यावरून जाताना वीस मजल्यांच्या माथ्यावर क्रेनने उचललेली लोखंडी तुळई पाहिली की नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेथे क्रेन नव्हती, कप्पीही नसावी. होती ती दोरखंडे, लाकडे आणि माणसांचे हात. तथापि त्या माळावर कितीतरी वर्तुळे उभी राहिली. रिव्हेट-कार्नॅक ह्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचे वर्णन 1879 साली प्रसिद्ध केले. पुढे माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथेही अशीच वर्तुळे उकरली गेली. ही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील थडगी होत.

वर्तुळाची रचना साधी आहे. काळ्या दगडाच्या मोठाल्या शिळा गोलाकार मांडावयाच्या, आत मृताचे अवशेष, मडकी व लोखंडी हत्यारे ठेवावयाची आणि मधली जागा माती व दगडगोट्यांनी भरून काढावयाची. बहुतेक शिळा माणसाच्या कमरेपेक्षा उंच नाहीत. पण एक मीटर लांब, ऐंशी सेंटिमीटर रुंद व साठ सेंटिमीटर जाड अशा एका शिळेचे वजन सुमारे 1,400 किलो भरते. ती हलवावयाची कशी?

प्रथम ती जमिनीतून सोडवावी लागते. तीन मीटर लांबीचा बळकट वासा तिच्या कडेखाली घालावा आणि टोकापासून तीस सेंटिमीटरवर टेकू द्यावा. मागची भुजा पुढच्या भुजेच्या नऊपट होते. एकच कड उचलावयाची असल्याने शिळेचे निम्मे वजन, म्हणजे सुमारे 700 किलो, वाशावर येते. ते नऊपटीने विभागले की मागच्या टोकावर अदमासे 80 किलो भार पुरतो. दोन माणसांचे हे काम. मात्र कड जितकी वर जाते त्याच्या नऊपट वाशाचे टोक खाली यावे लागते. म्हणून प्रत्येक खेपेस कड थोडीच उचलते, तिच्याखाली दगड सारावयाचा आणि टेकू उंच करून पुन्हा दाबावयाचे. येथेच मोठी चूक होते. टेकू काळ्या जमिनीवर ठेवला तर शिळा उचलण्याऐवजी टेकूच मातीत रुततो. त्याच्याखाली सपाट दगड देणे अगत्याचे असते.

मग शिळा लाकडी घसरणीवर चढवून ओढावयाची. कोरड्या, उंचसखल जमिनीवर वजनाच्या साधारण निम्मी ओढ लागते, म्हणजे 700 किलो. सतत ओढणाऱ्या माणसाची शक्ती तीस किलो धरली तर तेवीस-चोवीस माणसे हवीत. वाटेवर ओंडक्यांच्या समांतर पट्ट्या टाकल्या की घर्षण निम्म्यावर येऊन डझनभर माणसे पुरतात. खाली गोल लाटा घालण्याची कल्पना सुचते खरी. परंतु मऊ जमिनीत त्या रुततात, तिरप्या होतात आणि भार एका बाजूस ढळतो. म्हणून पावसाळा सरून जमीन टणक झाल्यावरच हे काम होत असावे. नागा टेकड्यांत दुफाटी झाडाची घसरण करून शेकडो लोक मोठाल्या शिळा ओढत असल्याची नोंद आहे.

शिळा जागी आणल्यावर उथळ खळगा खणून ती त्यात सरकवावयाची, दोरांनी सरळ करावयाची आणि बुडाशी गोटे ठोकून बसवावयाची. वर्तुळाची आखणी मधोमध खुंटी रोवून दोरीने होते.

आता श्रमाचा हिशेब पाहू. बारा मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे अडतीस मीटर. त्यावर पस्तीस शिळा धरल्या तर त्यांचे वजन एकोणपन्नास टन. पण आतील जागा सरासरी साठ सेंटिमीटर भरावयाची तर सुमारे अडुसष्ट घनमीटर भर लागते. तिचे वजन शंभर टनांहून अधिक, आणि वीस किलोच्या पाट्यांनी वाहिल्यास पाच हजारांहून अधिक खेपा! नवल शिळांचे वाटते, पण अधिक भार पाट्यांनी वाहिला. दिवसाला साठ खेपा करणारे तीस जण धरले तर भर घालण्यास तीन दिवस लागतात. एवढे काम एका वस्तीच्या आटोक्यात होते. त्यासाठी राजा किंवा गुलामांचे तांडे कल्पिण्याचे कारण नाही.

दोर व लाकडे ह्यांचा आता मागमूस नाही. ती कुजून गेली. परंतु लाकूड तोडणाऱ्या लोखंडी कुऱ्हाडी, पात्याभोवती कडी बसविलेल्या, ह्याच थडग्यांत मिळाल्या. माहुरझरीस घोड्याची हाडेही मिळाली, तांब्याच्या आभूषणांसह. ज्यांच्यासाठी हे श्रम झाले त्यांची नावे उरली नाहीत. उरला तो त्यांच्या आप्तांनी केलेल्या खेपांचा ढीग. रस्त्यासाठी खडी किंवा बांधासाठी दगड म्हणून त्यातील चार शिळा नेल्या की वर्तुळ तुटते, आणि मग हा हिशेब मांडण्यास पुन्हा आधार राहत नाही.