तळटीप ७ : जयपूरचा बिघा आणि एकरी नफा

७. बिघा : जयपूर भागातील जमिनीचे माप. पक्का बिघा म्हणजे १६५ फूट बाजूचा चौरस, आपल्या १,०८९ चौरस फुटांच्या गुंठ्याने बरोबर २५ गुंठे. कच्चा बिघा १३२ फूट बाजूचा, म्हणजे १६ गुंठे. ४० गुंठ्यांच्या एकरात पक्के १.६ किंवा कच्चे २.५ बिघे बसतात आणि हेक्टरात २.४७१ एकर. म्हणून मोहरीच्या जमाखर्चात बिघ्यामागे, समजा, ८,००० रुपये नफा दाखवला असेल, तर तो पक्क्या मापाने एकरी १२,८०० ठरतो, कच्च्याने २०,०००. खर्च आणि उत्पन्न एकाच मापात असले की नफ्याचे खर्चाशी प्रमाण बदलत नाही, हे खरे. पण महाराष्ट्रातील एकरी आकड्यांशी तुलना करायची तर माप ठरवावेच लागते. बियाण्यावरून अंदाज येतो : हेक्टरी चार किलो धरल्यास पक्क्या बिघ्याला सुमारे एक किलो लागते, कच्च्याला साडेसहाशे ग्रॅम. पेरणीचे प्रमाण शेतागणिक बदलते, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नये. जमिनीच्या कागदावरील हेक्टरांना जमाखर्चातील बिघ्यांनी भागावे. उत्तर ०.२५ च्या आसपास आले तर बिघा पक्का, ०.१६ आले तर कच्चा.